पाच वर्षं सात महिने, दोन ओळी

चिंचवडमधल्या एका घरात, मुलगी शाळेत गेल्यावर मिळणाऱ्या साडेतीन तासांत, एक बाई लॅपटॉपसमोर बसली आहे, असं समजू या. भोसरीतल्या एका कारखान्यात तिने अकाउंट्समध्ये काम केलं, मूल झालं, नोकरी सोडली. आता परत जायचं आहे. पदवी, टॅली, जुनी नोकरी, सगळं अर्ध्या तासात टाइप झालं. मग आली ती जागा. शेवटच्या नोकरीखालची. तिथे कर्सर पंधरा मिनिटं लुकलुकत राहिला आणि मग पुढचा मजकूर उमटला:

"वैयक्तिक व कौटुंबिक कारणांमुळे जानेवारी २०१८ पासून मला नोकरी करता आली नाही. मुलीची तब्येत सुरुवातीला नाजूक होती व घरात दुसरं कोणी बघणारं नव्हतं. या काळात मी एक कुशल गृहव्यवस्थापक म्हणून वेळेचं नियोजन, बजेट, मल्टिटास्किंग ही कौशल्यं आत्मसात केली. आता मुलगी मोठी झाल्याने मी पूर्ण झोकून देऊन काम करण्यास उत्सुक आहे. कृपया संधी द्यावी ही विनंती."

ही बाई एकटी नाही. बाळासाठी घरी थांबलेल्या असंख्य आयांच्या, आणि हल्ली काही बाबांच्याही, रेझ्युमेत हा परिच्छेद थोड्याफार फरकाने सापडतो. त्यात खोटं असं काही नाही. गंमत म्हणजे जी एकच गोष्ट चुकीची आहे, ती तिच्याच तोट्याची आहे. जानेवारी २०१८ ही तारीख.

शब्दांकडे नंतर येऊ. आधी तारखा, कारण गॅपची दोन्ही टोकं नीट ठरली की मधला मजकूर बराचसा आपोआप सुचतो. आणि ती टोकं ठरवायची कागदांवरून, आठवणीवरून नाही.

आठवणीत गॅप सुरू होते ती बाई बाळंतपणासाठी घरी थांबली त्या दिवशी. शेवटचा डबा, शेवटची कंपनीची बस, मैत्रिणींनी केलेलं डोहाळजेवण, मनावर कोरला गेलेला दिवस तो. पण नोकरी त्या दिवशी संपत नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांना हा कायदा तेव्हा लागू होता, आणि प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या बाईला ही रजा मिळते. या २६ आठवड्यांत ती कर्मचारीच असते. पैसे कंपनीकडून आले काय, ईएसआयसीकडून आले काय, हजेरीपटावर नाव आहे म्हणजे सेवा चालू आहे.

आपल्या बाईची रजा २२ जानेवारी २०१८ ला सुरू झाली. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, म्हणजे २२ जुलैपर्यंत. त्यानंतर तिने राजीनामा दिला, शिल्लक रजा आणि नोटीस पीरियड यांचा हिशोब झाला, आणि रिलीव्हिंग लेटरवर तारीख पडली ३१ ऑगस्ट २०१८. जून २०११ ला रुजू झालेल्या या बाईची नोकरी त्यामुळे सात वर्षं तीन महिन्यांची आहे. ती स्वतः मात्र सगळीकडे साडेसहा वर्षं लिहीत होती. कायद्याने दिलेले सात महिने तिने स्वतःच्याच हाताने गॅपमध्ये टाकले होते. कंपनीच्या कागदावर ३१ ऑगस्ट आणि रेझ्युमेवर जानेवारी, असं दिसलं तर तपासणाऱ्याला ते खोटेपणाचं वाटणार नाही. गोंधळाचं मात्र नक्की वाटेल. आणि अकाउंट्सच्या माणसाने तारखांत गोंधळ घालणं हे काही भूषणावह नव्हे.

उलट दिशेची चूक जास्त महागात पडते. काहीजणी गॅप लहान दिसावी म्हणून शेवटची नोकरी सहा-आठ महिने पुढे ओढतात. 'कोण बघतंय?' तर बघतात. मोठ्या कंपन्या ऑफर देण्याआधी किंवा दिल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करून घेतात. त्यासाठी नेमलेली एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला विचारते, रिलीव्हिंग लेटर मागते आणि पीएफचा तपशील पाहते. प्रत्येक पीएफ खातेदाराला यूएएन क्रमांक असतो. त्या क्रमांकाखाली कोणत्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सुटलात हे नोंदलेलं असतं. खातेदाराला स्वतःलाही ते ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर `View` या मेन्यूतल्या `Service History` मध्ये दिसतं. रेझ्युमे लिहायला बसण्याआधी पाहायचं पहिलं पान हेच. कारण समोरचा जे पान पाहणार आहे ते आपण आधी पाहिलेलं बरं.

तिथे एक अडचण हमखास निघते. सुटल्याच्या तारखेचा रकाना रिकामा असतो. जुन्या कंपनीने ती नोंद केलीच नाही, म्हणून सरकारदरबारी बाई अजून तिथेच नोकरीला आहे! २०२० पासून ही तारीख खातेदाराला स्वतः भरता येते. त्याच पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` असा पर्याय आहे. कंपनीची शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटलेले असावे लागतात आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तारीख रिलीव्हिंग लेटरशी ताडून मगच भरावी, कारण एकदा भरलेली तारीख बदलून घेणं हे मोठं लफडं होतं.

गॅपचं एक टोक सापडलं, १ सप्टेंबर २०१८. दुसरं कुठे आहे?

सरळ उत्तर 'आज' असं वाटतं, पण तिथेही थांबायला हवं. आपल्या बाईला विचारलं तर ती म्हणते, "मध्ये काही केलं नाही हो. घरीच होते." मग चहा होता होता एकेक बाहेर येतं. २०२१ पासून दोन वर्षं ती सोसायटीची खजिनदार होती. ८४ फ्लॅट, मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, वार्षिक हिशोब, ऑडिटरसमोर बसणं. आणि एप्रिल २०२४ पासून ती कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाचं आणि एका मेडिकलचं हिशोबाचं काम घरून करते. दर महिन्याला खरेदी-विक्रीच्या नोंदी, जीएसटीची दोन विवरणपत्रं, थोडी फी. 'ते काय काम म्हणायचं!' असं तिचं मत. दुकानदाराचं मत तसं नसावं, नाहीतर त्याने पैसे दिले नसते.

म्हणजे पूर्ण वेळ घरी असण्याचा काळ मार्च २०२४ ला संपतो. त्यानंतरचा काळ अर्धवेळ कामाचा आहे आणि तो अनुभवाच्या यादीत सगळ्यात वर, स्वतंत्र नोंद म्हणून जातो. साडेसात वर्षांची वाटणारी गॅप कागदावर मोजली तर पाच वर्षं सात महिन्यांची निघाली. एकही दिवस लपवला नाही.

इथेच घसरण्याचीही जागा आहे. घरून केलेलं काम दाखवता येतं हे कळलं की हात सैल सुटतो. दिराच्या दुकानात दिवाळीला चार दिवस बसलेली बाई 'रिटेल ऑपरेशन्स मॅनेजर' होते. एका मैत्रिणीचं आयकर विवरणपत्र भरून दिलं की 'स्वतंत्र कर सल्लागार' होते. कसोटी साधी आहे. मुलाखतीत समोरच्याने विचारलं, 'कोणासाठी, किती वेळा, आणि कोणाशी बोलता येईल?' तर तिन्हींची उत्तरं हवीत. बिल असावं, बँकेत जमा दिसावी, किंवा फोनवर 'हो, आमचं काम या बघतात' असं म्हणणारा माणूस असावा. तिन्हीपैकी एकही नसेल तर ती नोंद नको. पैसे न घेता केलेलं काम जरूर लिहावं, पण 'विनावेतन' हा शब्द सोबत हवा. खजिनदारपद त्याच सदरात मोडतं. तो शब्द कमीपणाचा नाही. उलट वाचणाऱ्याला त्यातून कळतं की ही बाई नेमकं लिहिते.

आता शब्द.

गॅपबद्दल मुळात काही लिहावं की जागा कोरी सोडावी, यावर दोन संशोधनं एकमेकांविरुद्ध बोलतात असं पहिल्यांदा वाटतं. अमेरिकेत केट वाइसहार या समाजशास्त्रज्ञ बाईंनी खऱ्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, गॅपचं कारण वेगळं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: नोकरीत असलेल्या आयांपैकी १५.३ टक्क्यांना बोलावणं आलं, नोकरी गेलेल्या आयांपैकी ९.७ टक्क्यांना, आणि मुलांसाठी घरी थांबलेल्या आयांपैकी फक्त ४.९ टक्क्यांना. बाबांचे आकडेही जवळपास तसेच होते. घरी थांबलेल्या बाबांना ५.४ टक्के. आपणहून नोकरी सोडली म्हणजे हिला किंवा ह्याला कामाचं फारसं पडलेलं नाही, असा मालकांचा समज. म्हणजे कारण सांगणंच नडलं?

पण व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या दोन अभ्यासकांनी, जोनी हर्श आणि जेनिफर शिनॉल यांनी, वेगळा प्रश्न विचारला. सुमारे तीन हजार लोकांसमोर त्यांनी गॅप असलेल्या उमेदवार बायका ठेवल्या. एकीने गॅपचं घरगुती कारण सांगितलेलं, दुसरीने काहीच नाही. कारण सांगणारीला लोकांनी स्पष्टपणे जास्त पसंती दिली. माणसाला अर्धवट माहिती आवडत नाही. कोऱ्या जागेत तो स्वतःच काहीतरी भरतो, आणि ते सहसा वाईटच असतं: काढून टाकलं असेल, आजारी असेल, काहीतरी भानगड असेल.

दोन्ही एकत्र ठेवून पाहिली तर भांडण उरत नाही. पहिल्या प्रयोगात तुलना होती ती घरी थांबलेली आणि नोकरी गेलेली यांची. परतणाऱ्या आईला तो पर्याय नसतोच. नोकरी गेली असं ती खोटं सांगू शकत नाही. तिच्यापुढे पर्याय दोनच, कारण सांगणं किंवा गप्प बसणं. त्यात सांगणं बरं. पण पहिल्या प्रयोगाने दाखवलेला संशय खरा आहे, आणि त्याला उत्तर 'मी झोकून देईन' हे नाही. तसं तर सगळेच म्हणतात. उत्तर आहे कारण सांगून लगेच कामावर येणं. एक ओळ मुलासाठी, दुसरी कामाची.

म्हणून बाईच्या त्या लांबलचक परिच्छेदाच्या जागी हे आलं. रेझ्युमे बहुधा इंग्रजीतच जातो. इथे मजकूर मराठीत दिला आहे, कारण मुद्दा काय आणि किती लिहायचं हा आहे.

"करिअर ब्रेक: पूर्ण वेळ अपत्यसंगोपन. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२४.
या काळात ८४ सदनिकांच्या सोसायटीची खजिनदार (विनावेतन, २०२१ ते २०२३). हिशोब व वार्षिक ऑडिट."

संपलं. इंग्रजीतही हे दोन ओळींतच बसतं. 'करिअर ब्रेक' आणि 'फुल-टाइम पेरेंटिंग' हे शब्द आता एचआरच्या रोजच्या वापरातले आहेत. लिंक्डइनने मार्च २०२२ मध्ये प्रोफाइलवर करिअर ब्रेकची वेगळी नोंद करायची सोय दिली, आणि तिथल्या कारणांच्या यादीत `Full-time parenting` हा पर्याय आहे. 'हाउसवाइफ', 'होममेकर' यांपेक्षा तो बरा, कारण होममेकर ही ओळख झाली आणि पेरेंटिंग हा ठरावीक काळ केलेला उद्योग झाला. रेझ्युमेत काळ सांगायचा असतो, ओळख नव्हे.

जुन्या परिच्छेदातलं काय काय गेलं तेही पाहण्यासारखं आहे. 'वैयक्तिक व कौटुंबिक कारणांमुळे' गेलं, कारण ते काहीच सांगत नाही आणि संशय मात्र जागा करतं. मुलीच्या तब्येतीचा उल्लेख गेला. तो खरा होता, पण तो मुलीचा खाजगी मामला आहे. शिवाय वाचणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न येतो, की आताही ती आजारी पडत असेल का? वंध्यत्वाचे उपचार, गर्भपात, घटस्फोट, सासूबाईंचा नकार, यातलं काहीही रेझ्युमेत येत नाही. प्रामाणिक असणं म्हणजे सगळं सांगणं नव्हे. जे सांगितलं ते खरं असणं. 'मुलगी मोठी झाल्याने' हेही गेलं. कारण त्याचा अर्थ 'दुसरं मूल झालं तर?' असा लागू शकतो. त्याऐवजी वर, नावाखालच्या तीन ओळींच्या परिचयात 'पूर्ण वेळ कामासाठी उपलब्ध' एवढे शब्द पुरे. आणि 'कृपया संधी द्यावी ही विनंती' तर जायलाच हवं होतं. रेझ्युमे म्हणजे नगरपालिकेला केलेला अर्ज नव्हे.

सर्वांत अवघड गेलं ते 'कुशल गृहव्यवस्थापक' काढणं. बाईला ते मनापासून वाटत होतं, आणि त्यात तथ्यही आहे. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन एसटीने सातारा गाठणं हे कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजमेंटपेक्षा सोपं नाही. पण भरती करणारा माणूस एका रेझ्युमेवर नजर फिरवतो ती फार थोड्या सेकंदांची. त्यात त्याला 'घराची सीईओ' दिसलं तर तो हसतो, आणि हसल्यावर पुढचं गंभीरपणे वाचत नाही. हा लेखिकेचा किंवा कोणाचा सिद्धांत नाही; अर्ज चाळण्याचं काम केलेल्या कोणालाही विचारून पाहावं.

आपल्याकडे आणखी एक खोड आहे, ती लग्नाच्या बायोडेटातून आली आहे. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, पतीचं नाव आणि नोकरी, मुलांची संख्या, पूर्ण पत्ता. यातलं काहीही रेझ्युमेत नको. ब्रेकच्या नोंदीत 'पेरेंटिंग' हा शब्द आहे, तेवढं पुरेसं आहे. बाकी तपशील विचारला तर सांगावा, आणि नोकरीशी संबंध असेल तरच.

ही दोन ओळींची नोंद कुठे बसवायची? अनुभवाच्या यादीतच, तारखांच्या क्रमाने, इतर नोंदींच्या अक्षराच्या आकारात. आपल्या बाईच्या रेझ्युमेत वरून पहिलं दुकानांचं काम येतं, मग ब्रेक, मग भोसरीचा कारखाना. वेगळा मथळा नको, वेगळा रंग नको, तळाला बारीक अक्षरात तर नकोच. काही जण गॅप झाकायला तारखा गाळून फक्त कौशल्यांची यादी करतात. अर्ज चाळणाऱ्यांना ही युक्ती पाठ आहे. यादी दिसली की ते आधी तारखाच शोधतात.

तारखांबद्दल ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिथे नऊ हजारांहून जास्त अर्ज खऱ्या मालकांना पाठवले गेले. ज्या रेझ्युमेवर प्रत्येक नोकरीपुढे 'अमुक सालापासून तमुक सालापर्यंत' असं न लिहिता 'चार वर्षं', 'तीन वर्षं' असं लिहिलं होतं, त्यांना गॅप उघड दाखवणाऱ्या रेझ्युमेपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त बोलावणी आली. वाचणाऱ्याची नजर गेलेल्या वर्षांवर न अडकता केलेल्या कामावर गेली, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी चालवणं कठीण आहे. नोकरीच्या संकेतस्थळांवरचे आणि कंपन्यांचे फॉर्म महिना व साल मागतात, आणि पुढे तपासणी असतेच. पण अर्धी युक्ती उचलता येते. नोकरीच्या नावापुढे ठळक अक्षरात '७ वर्षं ३ महिने', आणि त्याच ओळीच्या शेवटी साध्या अक्षरात 'जून २०११ ते ऑगस्ट २०१८'. काहीही झाकलेलं नाही. काय आधी दिसावं एवढंच ठरवलं.

फॉर्म भरताना 'एकूण अनुभव' हा रकाना येतो. तिथे पहिल्या नोकरीपासून आजपर्यंतची वर्षं मोजायची नाहीत. सात वर्षं तीन महिने अधिक अर्धवेळ कामाचे महिने, आणि अर्धवेळ हे शक्य असेल तिथे नमूद. हा रकाना फुगवला की शोधात नाव वरच्या पदांसाठी येतं, आणि पाच मिनिटांच्या फोनवर सगळं उतरतं. रेझ्युमे, लिंक्डइन, फॉर्म आणि तोंडी उत्तर या चारही ठिकाणी महिने तेच असले पाहिजेत. बहुतेकांचं पितळ उघडं पडतं ते खोटेपणामुळे नव्हे, तर लिंक्डइनवर मे आणि रेझ्युमेवर ऑगस्ट लिहिल्यामुळे.

एवढं करून बाईने रेझ्युमे एका जुन्या सहकाऱ्याला दाखवला. तो अजून त्याच क्षेत्रात आहे. गॅपच्या नोंदीवर त्याची नजर दोन सेकंदही थांबली नाही. थांबली ती खाली, कौशल्यांच्या यादीवर. तिथे होतं: टॅली ईआरपी ९, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, एक्साइज.

"ताई, गॅप तर ही सांगतेय," तो म्हणाला.

खरं होतं. ती सुटली तेव्हा जीएसटी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नंतरच्या काळात हिशोबाच्या खोलीतलं बरंचसं सामान बदललं. ऑगस्ट २०२० पासून खरेदीवरच्या कराची जुळवणी जीएसटीआर-२बी या विवरणावरून होऊ लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ई-इन्व्हॉइस आलं, आधी ५०० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना, आणि टप्प्याटप्प्याने खाली उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींच्या वरच्यांना. टॅलीचं नवं रूप, टॅलीप्राइम, नोव्हेंबर २०२० चं. एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राखणारी सोय चालू ठेवणं बंधनकारक झालं. अकाउंट्सच्या माणसाला गॅपविषयी जो खरा प्रश्न असतो तो 'मुलाला कोण सांभाळणार' हा नसतो. 'हिला टू-बी जुळवता येतं का' हा असतो.

आणि तिला येत होतं! हार्डवेअरच्या दुकानाचं ती दर महिन्याला तेच करत होती. पण यादी तिने २०१८ मधली उचलून चिकटवली होती. यादी बदलली: टॅलीप्राइम, जीएसटीआर-१ व ३बी, २बीची जुळवणी. ई-इन्व्हॉइस तिने प्रत्यक्ष केलं नव्हतं, कारण दोन्ही दुकानं त्या मर्यादेच्या खूप खाली. मग तिने ते लिहिलं नाही. एका वर्गात जाऊन शिकल्यावर प्रशिक्षणाच्या सदरात लिहिलं, अनुभवाच्या सदरात नाही. हा फरक बारीक वाटतो, पण मुलाखतीत पहिला व्यावहारिक प्रश्न तिथेच येतो.

प्रत्येक व्यवसायात अशी यादी असते. शिक्षिकेसाठी ती नव्या अभ्यासक्रमाची आहे, नर्ससाठी नोंदणीच्या नूतनीकरणाची, प्रोग्रामरसाठी भाषेच्या आवृत्तीची. सुटल्यापासून आपल्या कामात काय बदललं हे एका कागदावर लिहून काढावं, त्यातलं काय येतं त्यापुढे खूण करावी, आणि खुणा झालेलंच रेझ्युमेत न्यावं. ज्यांनी मधल्या काळात काहीच केलेलं नाही त्यांच्या ब्रेकच्या नोंदीत दुसरी ओळ नसेल, इतकंच. एक ओळही चालते. ओळ भरायची म्हणून ऑनलाइन प्रमाणपत्रांचा ढीग लावू नये. जाहिरातीत मागितलेलं एक प्रमाणपत्र न मागितलेल्या सातांपेक्षा जड असतं. गॅप सहा महिन्यांच्या आतली असेल तर वेगळी नोंदही लागत नाही, विचारलं तर तोंडी सांगितलं की झालं.

ब्रेकच्या ओळीवर मुलाखतीत प्रश्न येणारच, आणि उत्तर ओळीएवढंच लांब असावं. "मुलगी लहान असताना पाच-साडेपाच वर्षं पूर्ण वेळ घरी होते. मार्च २०२४ नंतर दोन दुकानांचं जीएसटीचं काम बघते. २बी जुळवताना आलेली एक अडचण सांगू का?" इथे थांबायचं. बोलणं पुन्हा मुलांकडे वळलं, तर "कामाच्या वेळेची सोय झालेली आहे" एवढं सांगून परत कामावर यायचं. घरी थांबलेल्या बाबांनाही हेच लागू आहे. फक्त त्यांना 'म्हणजे नक्की काय करत होतात?' हा प्रश्न जास्त वेळा विचारला जातो, आणि 'बिझनेसचा प्रयत्न करत होतो' असं सांगून वेळ मारून नेण्याचा मोह त्यांना जास्त होतो. तो मोह आवरावा, कारण पुढचा प्रश्न 'कोणता बिझनेस?' हा असतो.

राहिला तो कागद, ज्यापासून सुरुवात झाली. रिलीव्हिंग लेटर घर बदलताना हरवलं असेल, किंवा कंपनीने दिलंच नसेल, तर अर्ज पाठवण्याआधी जुन्या एचआरला ईमेल करून प्रत मागा. त्यात कर्मचारी क्रमांक आणि रुजू झाल्याची तारीख लिहा, म्हणजे त्यांना शोधणं सोपं जातं. कंपनी बंद पडली असेल तर नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या नोंदी असलेलं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी एका फोल्डरमध्ये ठेवा. ऑफर आल्यावर हे गोळा करायला सहसा आठवडाभरच मिळतो, आणि जुन्या कंपनीच्या ईमेलला उत्तर यायला त्याहून जास्त दिवस लागतात.